पोलादी तुळईचा सेक्शन कसा निवडावा: मोमेंटपासून झोळापर्यंत

पोलादी तुळईचा, म्हणजे स्टील बीमचा, सेक्शन निवडताना बेंडिंग मोमेंट काढायचा, त्याला परवानगी असलेल्या ताणाने भागायचे आणि येणाऱ्या सेक्शन मॉड्युलसइतका किंवा त्याहून थोडा मोठा सेक्शन तक्त्यातून उचलायचा, ही रीत बहुतेकांना ठाऊक असते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे, कारण तिच्यातून तुळई मोडणार नाही एवढेच ठरते. ती किती वाकेल हे ठरत नाही. लांब गाळ्याच्या तुळईत अखेरचा निर्णय बहुधा या दुसऱ्या प्रश्नावरच होतो. पुढे एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवले आहे.

भार आणि मोमेंट

दोन्ही टोकांना साधा आधार असलेली ८ मीटर गाळ्याची तुळई घेऊ. अशा तुळया २ मीटर अंतरावर एकमेकींना समांतर आहेत आणि त्यांच्यावर हलकी डेक पद्धतीची फरशी आहे. फरशीचे कायम वजन १.५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर आणि वापराचा भार ४ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर धरला, तर एका तुळईच्या वाट्याला अनुक्रमे ३ आणि ८ किलोन्यूटन प्रति मीटर येतात. तुळईचे स्वतःचे वजन अजून माहीत नसल्यामुळे ते अंदाजाने ०.५ धरावे आणि सेक्शन ठरल्यावर पुन्हा तपासावे. एकूण भार ११.५ किलोन्यूटन प्रति मीटर झाला.

```
M = w L² / 8 = 11.5 × 8² / 8 = 92 kN·m
V = w L / 2  = 11.5 × 8 / 2  = 46 kN
```

कायम भार आणि वापराचा भार येथे बेरजेत एकत्र आले असले तरी कागदावर ते वेगवेगळे लिहून ठेवावेत. डिफ्लेक्शन, म्हणजे तुळईचा झोळ, तपासताना ही फोड लागणार आहे.

परवानगीचा ताण आणि सेक्शन मॉड्युलस

पोलादाचा यील्ड ताण २५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आहे असे धरू. कार्यकारी ताणाच्या पद्धतीत बेंडिंगसाठी त्याचा ०.६६ पट, म्हणजे १६५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताण चालतो. मात्र या आकड्यामागे एक अट आहे आणि ती हमखास विसरली जाते. तुळईचा दाबाखाली असलेला वरचा फ्लँज बाजूला सरकू नये म्हणून तो सलग धरलेला असला पाहिजे. फरशीची डेक फ्लँजला पक्की जोडलेली असेल तर ही अट पूर्ण होते. डेक नुसती ठेवलेली असेल, किंवा तुळई उघडी असून तिच्यावर फक्त मधल्या एका बिंदूवर भार असेल, तर वरचा फ्लँज बाजूला कलंडून तुळई पिळवटू शकते आणि ती १६५ च्या बऱ्याच अलीकडे निकामी होते. अशा वेळी संहितेतील सूत्राने कमी केलेला ताण घ्यावा लागतो. उभारणीच्या काळात, डेक बसण्यापूर्वी, प्रत्येक तुळई याच अवस्थेत असते, हेही लक्षात ठेवावे.

आपल्या उदाहरणात डेक पक्की जोडलेली आहे, त्यामुळे:

```
Z = M / σ = 92 × 10⁶ / 165 = 557,600 mm³ ≈ 558 cm³
```

मोमेंट किलोन्यूटन-मीटरमध्ये, ताण न्यूटन आणि मिलिमीटरमध्ये, आणि तक्ता घन सेंटिमीटरमध्ये, असा हा एककांचा गुंता असतो. येथे चूक झाली की उत्तर साधारणपणे दहाच्या किंवा हजाराच्या पटीत बिघडते, त्यामुळे ती लगेच दिसते. न दिसणारी चूक वेगळी आहे. तक्त्यात बहुधा इलॅस्टिक आणि प्लॅस्टिक असे दोन सेक्शन मॉड्युलस दिलेले असतात. आय आकाराच्या सेक्शनमध्ये प्लॅस्टिक मूल्य सुमारे १२ ते १५ टक्क्यांनी मोठे असते आणि ते वाढीव भारांसह मर्यादा-अवस्था पद्धतीत वापरायचे असते. परवानगीच्या ताणाच्या या पद्धतीत इलॅस्टिक मूल्यच घ्यावे. काही देशांच्या तक्त्यांत इलॅस्टिक मूल्याला `S` आणि प्लॅस्टिक मूल्याला `Z` म्हणतात, म्हणून अक्षरावर न जाता रकान्याचे पूर्ण नाव वाचावे.

आता तक्ता उघडू. `ISMB 300` या ३०० मिलिमीटर खोलीच्या भारतीय मानक सेक्शनचे वजन ४४.२ किलो प्रति मीटर, इलॅस्टिक सेक्शन मॉड्युलस ५७३.६ घन सेंटिमीटर, मोमेंट ऑफ इनर्शिया ८६०३.६ सेंटिमीटरचा चौथा घात आणि वेबची जाडी ७.५ मिलिमीटर आहे. प्रत्यक्ष ताण १६०.४ येतो, म्हणजे १६५ च्या आत. येथवरच्या हिशेबाने निवड उत्तम दिसते, कारण जवळजवळ सगळी ताकद वापरली गेली आहे.

शिअरची तपासणी

शिअर मुख्यत्वे वेब पेलतो, म्हणून टोकाचा शिअर तुळईची खोली आणि वेबची जाडी यांच्या गुणाकाराने भागावा. येणारा सरासरी ताण यील्ड ताणाच्या ०.४ पटीपेक्षा, म्हणजे येथे १०० पेक्षा कमी हवा.

```
τ = V / (D × t) = 46,000 / (300 × 7.5) = 20.4 N/mm²
```

मर्यादेच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतका हा ताण आहे आणि समान पसरलेल्या भाराखाली असेच होणे स्वाभाविक आहे. याच सेक्शनमध्ये बेंडिंग आणि शिअर एकाच वेळी मर्यादेला पोचायचे असतील तर गाळा सुमारे १.७ मीटर इतका आखूड असावा लागेल. म्हणून शिअरची खरी काळजी आखूड आणि जड भाराच्या तुळयांत, आधारालगत मोठा बिंदुभार असताना, आणि जोडणीसाठी टोकाचा फ्लँज व वेबचा भाग कापून खाच केलेली असताना घ्यावी. खाचेच्या जागी पूर्ण खोली शिल्लक नसते. तेथे उरलेल्या वेबचीच खोली सूत्रात घालावी.

डिफ्लेक्शनची तपासणी

तुळईला येणारा झोळ मोजताना पोलादाचा लवचिकता मापांक २,००,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर घ्यावा. मर्यादा संहितेनुसार आणि वापरानुसार बदलते. तडकणारे फिनिश असलेल्या फरशीसाठी वापराच्या भाराखाली गाळ्याचा ३६० वा भाग ही प्रचलित मर्यादा आहे. आपल्या तुळईला ती २२.२ मिलिमीटर पडते. किलोन्यूटन प्रति मीटर म्हणजेच न्यूटन प्रति मिलिमीटर, त्यामुळे भाराचा आकडा तसाच सूत्रात जातो. कायम भार वेगळा काढून येथे फक्त ८ घ्यायचे.

```
δ = 5 w L⁴ / (384 E I)
  = 5 × 8 × 8000⁴ / (384 × 200000 × 8603.6 × 10⁴)
  = 24.8 mm  >  22.2 mm
```

ताणात बसलेली आणि शिअरमध्ये ऐसपैस असलेली तुळई येथे नापास झाली. एकूण भाराखाली तर झोळ ३५.६ मिलिमीटर, म्हणजे गाळ्याचा २२५ वा भाग होतो.

असे का झाले, हे समजून घेणे पुढच्या प्रत्येक निवडीत उपयोगी पडते. डिफ्लेक्शनच्या सूत्रात मोमेंटच्या जागी ताण आणि सेक्शन मॉड्युलस घातले, तर समान भाराच्या साध्या तुळईसाठी पुढील संबंध मिळतो:

```
δ / L = (5 / 24) × (σ / E) × (L / D)
```

यात सेक्शनचे वजन नाही, फ्लँजची रुंदी नाही, मोमेंट ऑफ इनर्शियाही नाही. ताण ठरला की झोळाचे प्रमाण फक्त गाळा आणि खोली यांच्या गुणोत्तरावर अवलंबून राहते. एकूण भाराने १६५ चा पूर्ण ताण वापरायचा आणि त्याच भाराखाली गाळ्याच्या ३०० व्या भागात राहायचे असेल, तर हे गुणोत्तर सुमारे १९ च्या वर जाता कामा नये. आपल्या तुळईचे ते २६.७ आहे. म्हणजे तक्ता उघडण्यापूर्वीच शंका घ्यायला जागा होती.

याच सूत्रातून आणखी एक गैरसमज दूर होतो. तुळई वाकते म्हणून अधिक ताकदीचे पोलाद वापरावे, ही सूचना अनेकदा ऐकू येते. ३५० यील्डचे पोलाद घेतले तर परवानगीचा ताण २३१ होतो, लागणारा सेक्शन मॉड्युलस ३९८ वर येतो आणि `ISMB 250` चालेल असे वाटते. त्याचा मोमेंट ऑफ इनर्शिया ५१३१.६ आहे; वापराच्या भाराखाली झोळ ४१.६ मिलिमीटर येतो, म्हणजे मर्यादेच्या जवळपास दुप्पट. पोलादाची ताकद वाढली तरी लवचिकता मापांक तेवढाच राहतो.

दुरुस्ती

झोळ मर्यादेत ठेवायला किती मोमेंट ऑफ इनर्शिया लागेल, हे उलट सूत्राने थेट काढावे. अंदाजाने एकेक सेक्शन तपासत बसू नये.

```
I = 5 w L⁴ / (384 E δ)
  = 5 × 8 × 8000⁴ / (384 × 200000 × 22.22) ≈ 9600 cm⁴
```

आता तक्त्यात दोन अटी एकत्र शोधायच्या: सेक्शन मॉड्युलस किमान ५५८ आणि मोमेंट ऑफ इनर्शिया किमान ९६००. `ISWB 300` चा मोमेंट ऑफ इनर्शिया ९८२१.६ आहे, पण वजन ४८.१ किलो, म्हणजे खोली तेवढीच ठेवून फ्लँज रुंद केल्याची किंमत वजनात मोजावी लागली. `ISLB 325` पाहा: सेक्शन मॉड्युलस ६०७.७, मोमेंट ऑफ इनर्शिया ९८७४.६ आणि वजन ४३.१ किलो. नापास झालेल्या सेक्शनपेक्षा तो अधिक ताठ आहे आणि तरीही हलका आहे, कारण पोलाद मध्यरेषेपासून थोडे दूर गेले आहे. झोळ २१.६ मिलिमीटर येतो, ताण १५१ पर्यंत उतरतो आणि ७ मिलिमीटर वेबवर शिअरचा ताण सुमारे २० राहतो. स्वतःचे वजन ०.४२ किलोन्यूटन प्रति मीटर आहे, म्हणजे आधी धरलेल्या ०.५ च्या आतच.

तक्त्यात छापलेला प्रत्येक सेक्शन हवा तेव्हा मिळतोच असे नाही, त्यामुळे पर्याय आधीच तपासून ठेवावा. `ISMB 350` घेतला तर वजन ५२.४ किलो होते, पण मोमेंट ऑफ इनर्शिया १३,६३०.३ असल्यामुळे झोळ १५.७ मिलिमीटरवर येतो. त्यासाठी तुळईखाली `ISMB 300` पेक्षा ५० मिलिमीटर जास्त उंची द्यावी लागते. ती उपलब्ध नसेल तर तुळयांमधले अंतर कमी करून प्रत्येकीचा भार घटवावा, किंवा टोकांची जोडणी मोमेंट पेलणारी करता येते का ते पाहावे. तुळईला कारखान्यात उलटा बाक देऊन कायम भाराचा झोळ लपवता येतो. या उदाहरणात तो `ISLB 325` मध्ये सुमारे ९.५ मिलिमीटर आहे. वापराच्या भाराने येणारा झोळ मात्र त्याने कमी होत नाही, म्हणून वरील तपासणीत उलट्या बाकाचे श्रेय धरू नये.