टनेज बरोबर, तरी हॉल दमट: ऐरोलीच्या हॉलसाठी कॉइल निवडताना

ठाण्यातल्या एका डिझाइन ऑफिसात रुजू होऊन मला जेमतेम सहा महिने झाले होते. ऐरोलीतल्या एका जेवणावळीच्या हॉलच्या वातानुकूलनाचं काम हाती आलं. शंभर माणसं बसून जेवणार, आत २४ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता हवी, इमारतीच्या चिलरचं पाणी ७ अंशांनी येऊन १२ अंशांनी परत जाणार. मी उष्णतेचा सगळा भार बेरजेला घेतला, तो तेरा टनांच्या आसपास आला, आणि तेवढ्या टनांची तीन रोची, म्हणजे नळ्यांच्या तीन रांगांची, हवा गार करणारी कॉइल कॅटलॉगमधून उचलली. आमच्या वरिष्ठ मॅडमनी शीट पाहून एवढंच विचारलं, "याचा एडीपी किती आला?" तो मी काढलाच नव्हता.

एडीपी म्हणजे अपॅरेटस ड्यू पॉइंट, कॉइलच्या ओल्या पृष्ठभागाचं परिणामी तापमान. कॉइलला नीट भिडलेली हवा या तापमानाला संपृक्त होऊन बाहेर पडते. काही हवा मात्र फिनांमधून न भिडताच निसटते. तिचा वाटा तो बायपास फॅक्टर, आणि भिडलेल्या हवेचा वाटा तो कॉन्टॅक्ट फॅक्टर. दोघांची बेरीज १. रो वाढवल्या, फिन दाट केल्या किंवा हवेचा वेग कमी केला की बायपास घटतो.

नवख्या माणसाची चूक पुढच्या पायरीवर होते. निसटलेल्या हवेत बाहेरची ताजी हवाही असते, आणि ती आपला दमटपणा जसाच्या तसा खोलीत आणून टाकते. आपल्याकडे पावसाळ्यात बाहेर ३० अंश आणि ८० टक्के धरलं, तर किलोभर कोरड्या हवेमागे साडेएकवीस ग्रॅम बाष्प असतं. आत आपल्याला सव्वादहा ग्रॅम हवं. म्हणून खोलीच्या भारात ताज्या हवेच्या भाराचा बायपासइतका हिस्सा मिळवायचा आणि मग सेन्सिबलचं, म्हणजे तापमान वाढवणाऱ्या उष्णतेचं, एकूणाशी प्रमाण काढायचं. हाच इफेक्टिव्ह सेन्सिबल हीट फॅक्टर.

आमच्या हॉलचा खोलीचा सेन्सिबल भार १८ किलोवॅट आणि लेटंट, म्हणजे बाष्पातून येणारा, ९ किलोवॅट होता. जेवणाऱ्या माणसाचा लेटंट भार जवळपास सेन्सिबलइतकाच, ८० वॅटच्या आसपास, धरतात. ताजी हवा सेकंदाला अर्धा घनमीटर, तिचा सेन्सिबल साडेतीन किलोवॅट आणि लेटंट सोळा.

तीन रोच्या कॉइलचा बायपास ०.२५ धरला, तर इफेक्टिव्ह सेन्सिबल हीट फॅक्टर ०.५९ येतो. मॅडमनी हवेचं तापमान आणि बाष्प दाखवणाऱ्या सायक्रोमेट्रिक चार्टवर खोलीच्या बिंदूतून या उताराची रेघ ओढली, तर ती संपृक्त वक्राला कुठेच भेटेना. म्हणजे एडीपीच नाही. पुनर्तापन केल्याशिवाय ती स्थिती कोणतीच कॉइल देऊ शकत नाही, मग टनेज कितीही असो. चार रो, बायपास ०.१५ घेतल्यावर फॅक्टर ०.६२ आणि एडीपी साधारण साडेपाच अंश. ७ अंशांच्या पाण्याने पृष्ठभाग साडेपाचवर कसा जाईल? सहा रो आणि दाट फिन, बायपास ०.०५, फॅक्टर ०.६५, तेव्हा एडीपी आठच्या जरा वर. ७ ते १२ अंशांच्या पाण्याचं सरासरी तापमानच साडेनऊ, म्हणजे हेही जमणार नव्हतं.

मग आम्ही मालकाशी बोलून आतली आर्द्रता ६० टक्के मान्य करून घेतली. रेघेचा उतार बदलला नाही, पण ती वर सरकली आणि एडीपी सव्वाअकरा-साडेअकरावर आला. पाच टक्क्यांत तीन अंश मिळाले. मला तो चार्ट खरा कळला तो त्या दिवशी.

हवेचं प्रमाण मग सरळ निघतं: परिणामी सेन्सिबल १८.२ किलोवॅट, भागिले हवेचा गुणक १.२, कॉन्टॅक्ट फॅक्टर ०.९५ आणि खोली व एडीपीमधला १२.६ अंशांचा फरक या तिघांचा गुणाकार. उत्तर सेकंदाला १.२७ घनमीटर, सुमारे २,७०० सीएफएम. वेग सेकंदाला दोन मीटर ठेवायचा म्हणून कॉइलचा चेहरा ०.६३ चौरस मीटर घेतला. अडीचच्या वर गेलं की फिनांवरचं पाणी हवेबरोबर डक्टमध्ये उडू लागतं. रो वाढवल्याने पंख्यावरचा दाब वाढतो, तो नव्याने तपासला.

अंदाज धरून सुरुवात केलेला बायपास शेवटी उत्पादकाच्या तक्त्यात त्याच वेगाला तितकाच निघतो का, ते पाहायचं. न निघाल्यास सगळं पुन्हा मोजायचं. मला दोन फेऱ्या लागल्या.

हॉल चालू झाल्यावर भरगर्दीत कॉइलच्या आधीचं आणि नंतरचं कोरडं व ओलं तापमान मोजून दोन्ही बिंदू चार्टवर मांडायचे आणि रेघ वक्रापर्यंत वाढवायची. हिशोबानुसार आत येणारी मिश्र हवा २६.४ अंशांची आणि बाहेर पडणारी १२ अंशांच्या किंचित वर हवी. कॉइलचं तोंड आणि फिल्टर स्वच्छ असताना बाहेर १४ अंश दिसले, तर आधी पाण्याचा प्रवाह पाहावा. रेघ वक्राला वर, १३ अंशांपाशी भेटली तर पृष्ठभाग गार होत नाही असं समजावं. भेटली ती साडेअकरापाशीच, पण बाहेर पडणारी हवा मात्र तिच्यापासून दूर राहिली, तर हवा कॉइलच्या कडेच्या फटीतून निसटते आहे. ती फट पत्र्याने बंद करावी लागते.