बायो एकदा कानांनी वाचून बघा

सोलापुरात चादरी विकणाऱ्या माझ्या मावसभावाचा बायो असा होता:

```
✨✨✨ सो ला पु री  चा द र ✨✨✨
घाऊक व किर
कोळ 👉👉👉 𝐒𝐨𝐥𝐚𝐩𝐮𝐫
```

त्याच्याच फोनवर टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, लावून तो ऐकवला. आधी चमचमाटाचं नाव, पुन्हा तेच, मग ‘सो’, ‘ला’, ‘पु’ असे सुटे तुकडे. जागा सोडली की स्क्रीन रीडर तिथे शब्द संपला असं धरतो. ओळ मध्येच तोडल्यामुळे ‘किरकोळ’चेही दोन तुकडे झाले. सगळ्यात वाईट शेवटचं सोलापूर. ती ठळक दिसणारी अक्षरं खरं तर गणितातली चिन्हं आहेत, म्हणून काही स्क्रीन रीडर प्रत्येकाचं लांबलचक नाव वाचतात, तर काही ती गाळूनच टाकतात. म्हणजे दुकान कुठल्या गावात आहे, हेच कळत नाही.

आता बायो असा आहे:

```
सोलापुरी चादर, घाऊक व किरकोळ. सोलापूर 🧵
```

इमोजी एकच, तोही शेवटी, म्हणजे मजकूर आधी ऐकू येतो. ओळ तोडण्याऐवजी स्वल्पविराम आणि पूर्णविराम वापरलेत. तिथे आवाज थांबतो.

तुम्हीही ऐकून बघा: अँड्रॉइडवर सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर. सुरू असताना एका टॅपने मजकूर वाचला जातो, उघडायला दोनदा टॅप करावं लागतं. बंद करतानाही तसंच.