मैत्रिणीला बर्फाच्या देशात गरम कपडे पाठवताय? या चुका टाळा

माझी मैत्रीण शिकायला विनिपेगला गेली, कॅनडात. तिथे जानेवारीत रात्री उणे २० च्या खाली जाणं नेहमीचंच. मी ऑक्टोबरमध्ये मुंबईहून पार्सल पाठवलं आणि पहिल्याच थंडीत तिचा फोन आला, अगं दोन थर्मल घातले तरी पाठ गार पडते.

चूक थर्मलमध्येच होती. दादरला दुकानदाराने एकदम गरम म्हणून दिलेला जाडसर सेट कॉटनचा निघाला. कॉटन घाम पिऊन घेतं आणि लवकर वाळत नाही, मग बस पकडायला धावलं की आलेला घाम कपड्यात तसाच राहतो, थांबल्यावर तो ओला कपडा अंगातली उष्णता ओढून घेतो. मुंबईत दमट हवेमुळे कॉटनची सवय असते ना, म्हणून आपला हात आपोआप तिकडेच जातो. अंगाला लागणारा कपडा मेरिनो लोकरीचा नाहीतर पॉलिएस्टरचा घ्या. लेबल वाचाच, आणि लेबल नसेल तर आतल्या बाजूला पाण्याचा थेंब टाकून बघा, कॉटनवर डाग बराच वेळ ओला राहतो, पॉलिएस्टरवर तो लवकर सुकतो.

परळला थंडीत तिबेटी लोक स्वेटर घेऊन बसतात, तिथे किंवा कुठेही कोणी प्युअर वूल म्हटलं तर शिवणीतून एक धागा मागून घ्या आणि घरी जाळून बघा. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरडते, अ‍ॅक्रेलिक असेल तर वितळून कडक गोळी होते. अ‍ॅक्रेलिक वाईट नाही, फक्त लोकरीचे पैसे देऊ नका.

दुसरी चूक मापाची, आणि ही मला जास्त लागली. जॅकेट मी तिच्या नेहमीच्या मापाचं, छाती ३६ धरून घेतलं. थर्मल आणि त्यावर फ्लीस घातल्यावर चेन वर जाईना, जबरदस्तीने लावली तर फ्लीस दाबलं जाऊन चपटं झालं. गरम ठेवते ती फ्लीसमध्ये अडकलेली हवा, ती दाबून बाहेर गेली की जाड कपडाही काही कामाचा नाही. मग व्हिडिओ कॉलवर तिला दोन्ही थर घालून छातीवरून टेप लावायला सांगितलं, माप आलं ३९. जॅकेट आतून ४२ चं हवं होतं. थर्मल मात्र अंगासरशी, फ्लीस थोडं सैल, आणि जॅकेट घालून हात वर केले की कंबर आणि मनगटं उघडी पडायला नकोत.

मोज्यांचंही तेच, दोन जाड मोजे घालून बूट घट्ट झाला की रक्ताभिसरण कमी होतं आणि बोटं आणखी गार पडतात. एकच जाड लोकरी मोजा आणि आत बोटं हलवता येतील एवढा बूट, एवढं पुरे.

मोठं जॅकेट आणि बूट तिने शेवटी तिथल्याच दुकानात थर घालून ट्राय करून घेतले. दुसऱ्या पार्सलमध्ये मी फक्त दोन मेरिनो थर्मल, एक फ्लीस आणि चार जोड मोजे पाठवले.