मेंदीचा ॲडव्हान्स देण्यापूर्वी

तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांसाठी मेंदीवाल्या ताई ‘ॲडव्हान्स मिळाल्यावरच तारीख पक्की’ असे लिहितात, म्हणजे फोनवरच्या होकाराने दिवस राखला जात नाही. समजा, नवरीच्या मेंदीचे ६,००० रुपये ठरले आणि २,००० आगाऊ दिले, तर कार्यक्रम रद्द झाल्यास ही रक्कम बहुधा परत मिळत नाही, कारण त्या दिवसाची इतर कामे त्यांनी नाकारलेली असतात. तारीख पुढे गेल्यास मात्र, नव्या दिवशी त्या मोकळ्या असतील तर, ती बहुधा वळती होते. म्हणून पैसे पाठवण्यापूर्वी मेंदीचा दिवस (लग्नाचा नव्हे), नक्षी कोपरापर्यंत की मनगटापर्यंत, आणि पाहुण्यांचा दर एका हाताचा की दोन्ही हातांचा, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावे. वाद बहुधा पाहुण्यांच्या हातांवरूनच होतात. ताई स्वतः येऊ शकल्या नाहीत, तर पैसे परत की बदली कलाकार, हेही विचारावे.