दोन्ही टोकांना लिमिट आहे म्हणून मॅक्सिमम आहेच? या चुका टाळा

रिअल अ‍ॅनालिसिसच्या पेपरात हा प्रश्न फिरून फिरून येतो. f हे फंक्शन सगळ्या R वर कंटिन्युअस आहे, x → ∞ आणि x → −∞ या दोन्ही बाजूंना त्याची लिमिट एकच सांत संख्या L आहे. f ला मॅक्सिमम किंवा मिनिमम यांपैकी निदान एक तरी मिळतोच, हे सिद्ध करा. सिद्धता सहा-सात ओळींची आहे. तरीही पेपर तपासताना त्याच त्या चुकांवर लाल रेघा मारून हात दुखतो.

सगळ्यात लाडकी चूक आधी घेतो. उत्तर असं सुरू होतं: “ε = 1 घेऊ. मग |x| > M असताना |f(x) − L| < 1 होईल असा M मिळतो. [−M, M] हा बंद आणि बाउंडेड इंटरव्हल आहे, f कंटिन्युअस आहे, म्हणून तिथे मॅक्सिमम मिळतो. म्हणून f ला मॅक्सिमम आहे.” यातलं शेवटचं वाक्य सोडलं तर सगळं खरं आहे. घोटाळा त्या शेवटच्या ‘म्हणून’मध्ये आहे. आतला मॅक्सिमम बाहेरच्या मूल्यांपेक्षा मोठा आहे, हे कुणी तपासलं?

एका वर्षी वर्गातल्या निम्म्याअधिक पेपरांत हेच उत्तर शब्द न् शब्द सापडलं. चौकशी केल्यावर कळलं, की कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या नोट्समध्ये ते तसंच होतं. तोंडी परीक्षेत एक मुलगा हटूनच बसला. “सर, बंद इंटरव्हलवर मॅक्सिमम मिळतो हे थिअरम आहे ना?” म्हटलं, आहे. मग फळ्यावर f(x) = x²/(1 + x²) लिहिलं. दोन्हीकडे लिमिट 1. “आता तुझा M घे. कुठलाही घे.” त्याने M = 10 घेतला. [−10, 10] वरचा मॅक्सिमम दोन्ही टोकांना मिळतो, 100/101. “आणि 11 ला किती?” 121/122. त्याने M वाढवून 100 केला, मी 101 म्हटलं. मग त्याने खडू खाली ठेवला. या फंक्शनला मॅक्सिमम नाहीच. ते 1 च्या जवळ जातं, पण 1 होत नाही. त्याला मिळतो तो मिनिमम, x = 0 ला, 0 एवढा. प्रश्नात ‘किंवा’ आहे तो याचसाठी.

मग ε कसा निवडायचा? माझी सवय सांगतो. मी ε ला हातच लावत नाही, आधी एक बिंदू शोधतो. f सगळीकडे L च असेल तर प्रत्येक बिंदू मॅक्सिममही आहे आणि मिनिममही, काम संपलं. (ही ओळ निम्मे जण लिहीत नाहीत. अर्धा मार्क जातो, आणि जायलाच हवा.) तसं नसेल तर f(a) ≠ L असा a मिळतो. समजा f(a) > L. आता ε = f(a) − L घ्या. म्हणजे |x| > M असताना f(x) < L + ε = f(a) होईल असा M मिळतो. a स्वतः बाहेर असू शकत नाही, कारण बाहेर सगळीकडे मूल्य f(a) पेक्षा कमी आहे. म्हणून a [−M, M] मध्येच आहे. त्या इंटरव्हलवर c ला मॅक्सिमम मिळाला, तर f(c) ≥ f(a), आणि f(a) बाहेरच्या प्रत्येक मूल्यापेक्षा मोठा. झालं, c हा सगळ्या R वरचा मॅक्सिमम. f(a) < L असेल तर हेच उलटं करून मिनिमम. ε हवेतून येत नाही, तो a मधून येतो. ज्यांना ‘ε > 0 घेऊ’ लिहून पुढे पळायची घाई असते, त्यांचं नेमकं इथेच फसतं.

दुसरी चूक गणित सोडवताना होते. f(x) = 1 + (x + 1)/(x² + 1) घ्या. L = 1, f(0) = 2, म्हणून ε = 1. |x| > 1 असेल तर |x + 1| ≤ |x| + 1 < x² + 1, म्हणजे f(x) < 2. M = 1 चालतो. मॅक्सिमम [−1, 1] मध्ये आहे. डेरिव्हेटिव्ह शून्य केलं की x² + 2x − 1 = 0 येतं, आणि x = √2 − 1, म्हणजे सुमारे 0.414 ला मूल्य मिळतं 2.207. इथवर ठीक. पण हुशार मंडळी याच [−1, 1] मध्ये मिनिमम शोधून मोकळी होतात: x = −1 ला 1. साफ चूक. खरा मिनिमम x = −1 − √2, म्हणजे −2.414 च्या आसपास आहे आणि तो सुमारे 0.793 आहे. मॅक्सिममसाठी काढलेला M मिनिममला लागू होत नाही. मिनिममसाठी L च्या खालचा बिंदू वेगळा शोधावा लागतो. उदाहरणार्थ f(−2) = 0.8, म्हणून ε = 0.2. आता M = 6 पुरतो, कारण |x| = 6 असताना (|x| + 1)/(x² + 1) = 7/37, म्हणजे 0.19, आणि पुढे ते घटतच जातं. इंटरव्हल [−1, 1] वरून एकदम [−6, 6] वर गेला. शोध कुठे संपवायचा ते असं ठरतं.

सिद्धतेत f′(x) = 0 लिहू नका. f डिफरन्शिएबल आहे असं प्रश्नात कुठे म्हटलंय? e^(−|x|) चा मॅक्सिमम x = 0 ला आहे आणि तिथे डेरिव्हेटिव्हच नाही.

कंटिन्युइटी कुठे वापरली ते लिहा. ती काढली तर काय होतं ते पाहा: 0 < x < 1 वर f(x) = 1 − x, −1 < x < 0 वर f(x) = −1 − x, बाकी सगळीकडे 0. दोन्हीकडे लिमिट 0, पण मूल्यं 1 आणि −1 च्या हवी तितकी जवळ जातात आणि तिथे पोचत नाहीत. मॅक्सिमम नाही, मिनिममही नाही.

आता ज्यावर मी खरंच चिडतो ती चूक. प्रश्न अर्धवट पाठ करून ‘दोन्ही लिमिट सांत असल्या की झालं’ असं म्हणणारे. दोन्ही लिमिट एकच असायला हव्यात. arctan x ची लिमिट एकीकडे π/2, दुसरीकडे −π/2; दोन्ही सांत, फंक्शन कंटिन्युअस, आणि ना मॅक्सिमम ना मिनिमम. वेगवेगळ्या लिमिट असताना f बाउंडेड असतं एवढीच हमी मिळते. त्यापुढे प्रत्येक फंक्शन स्वतंत्र तपासावं लागतं: f चं एखादं मूल्य मोठ्या लिमिटएवढं किंवा तिच्याहून मोठं असेल तर मॅक्सिमम मिळतो, नसेल तर नाही. मिनिममसाठी हेच लहान लिमिट घेऊन, उलट दिशेने. arctan x + 2/(1 + x²) वर करून बघा. लिमिट त्याच, ±π/2. x = 1 ला मूल्य π/4 + 1, म्हणजे 1.785, आणि π/2 आहे 1.571. म्हणून मॅक्सिमम आहे. पण हे फंक्शन सगळीकडे −π/2 पेक्षा मोठं आहे, म्हणून मिनिमम नाही.