निळा रंग कुठे पुसला गेला?

मी आयटीआयचा फिटर. वागळे इस्टेटमधल्या टूल रूममध्ये सहा वर्षं ब्लू मॅचिंग, म्हणजे निळा रंग लावून दोन भाग कुठे टेकतात ते पाहण्याचं काम, केलं आणि मग ठाण्यातल्या एका शूटिंग क्लबमध्ये रायफली दुरुस्त करणाऱ्या आर्मररच्या हाताखाली आलो. या कामात नव्याने येणाऱ्यांनी सगळ्यात आधी रायफलीच्या बोल्टचे लग समजून घ्यावेत, असं मला वाटतं.

बोल्ट म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा. त्याच्या तोंडाशी दोन जाड दात असतात, तेच लग. हँडल खाली दाबलं की बोल्ट फिरतो आणि दात रिसीव्हरमधल्या, म्हणजे नळी जिच्यात बसते त्या चौकटीतल्या, खाचांमागे जाऊन बसतात, दाराची कडी अडकावी तसे. गोळी सुटताना काडतूस मागे रेटलं जातं. ३०-०६ सारख्या काडतुसात हा जोर दोन-तीन टनांवर जातो. तो या दोन दातांनी पेलायचा असतो. गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत काहीच हलत नाही, कारण कडी नेमबाजाच्या हातानेच उघडते. सेमी ऑटोमॅटिकमध्ये मात्र त्याच स्फोटाच्या जोरावर यंत्रणा चालवायची असते. अचूकतेसाठी बोल्ट अ‍ॅक्शन निवडतात त्याचं मोठं कारण हेच.

पण दोन्ही दात सारखे टेकले तरच याचा उपयोग. एका सदस्याची रायफल १०० मीटरवर साठ मिलिमीटरचा ग्रुप देत होती, म्हणजे गोळ्या तेवढ्या रुंदीत पसरत होत्या. नळी स्वच्छ, दुर्बीण घट्ट, काडतुसं बदलून पाहिली, तरी तेच. काडतूस बसतं ते चेंबर रिकामं असल्याची खात्री करून आर्मररनी आधी फायरिंग पिन आणि स्प्रिंग काढली, कारण पिन अडवून धरणाऱ्या सिअरचा दाब बोल्टची शेपटी वर उचलतो आणि खूण खोटी येते. मग लगच्या मागच्या बाजूला निळा रंग लावला, बोल्ट मागे ओढून धरत हँडल दहा-बारा वेळा वर-खाली केलं आणि बोल्ट माझ्या हातात दिला. उजव्या दातावरचा रंग पुसला गेला होता, डावा तसाच निळा! म्हणजे दर गोळीला बोल्ट जरा तिरपा होत होता आणि काडतुसाला कधी असा, कधी तसा आधार मिळत होता.

दात हलक्या पेस्टने घासून टेकवले. इथे हात आवरावा लागतो: घासलं की बोल्ट तेवढा मागे बसतो, हेडस्पेस, म्हणजे चेंबरमध्ये बोल्टपर्यंत काडतुसासाठी असलेली जागा, वाढते. म्हणून दर वेळी ती मोजणारे गेज लावायचे. ‘गो’वर बोल्ट बंद व्हायला हवा, ‘नो-गो’वर होता कामा नये. झाला, तर ती रायफल वापरातून बाजूला. आमची गेजमध्ये राहिली आणि ग्रुप पस्तीसवर आला.

पॉइंट टू टू रायफलींत लॉक मागे, हँडलच्या मुळाशी असलेलं बरेचदा दिसेल. त्याला कमी लेखू नका. तिथे दाब इतका कमी असतो की बोल्टची लांबी दबून काही बिघडत नाही. थ्री नॉट थ्रीचेही लग मागेच आहेत, पण तिचा दाब मोठा. त्यामुळे बोल्ट थोडा दबतो, रिसीव्हर थोडा ताणतो, आणि हे समोरच्या लगवाल्या रायफलीत तेवढं जाणवत नाही.