अडॅप्टर तापतो, चार्जिंग सुरू-बंद होतं: दोष केबलमधल्या रेझिस्टरचा

लक्षण असं: जुना १ अँपिअरचा अडॅप्टर, यूएसबी-ए ते टाइप-सी केबल आणि नवा फोन. जोडल्यावर थोड्याच वेळात अडॅप्टर हात लाववेना इतका तापायचा, चार्जिंग तुटायचं, पुन्हा सुरू व्हायचं. फोनचं पोर्ट साफ केलं, फोन रीस्टार्ट केला, सॉकेट बदललं. काही उपयोग नाही, नुसता वैताग.

शेवटी केबल मोजली. ती दोन्हीकडून सोडवली आणि सी टोक ब्रेकआउट बोर्डात, म्हणजे टोकातल्या बारीक पिना मोजता येतील अशा बाहेर काढणाऱ्या छोट्या बोर्डात घातलं. मल्टिमीटर किलो-ओहमवर ठेवून एक प्रोब वीज आणणाऱ्या VBUS पिनवर, दुसरा आधी CC1 वर, मग CC2 वर लावला; किती करंट ओढायचा ते फोनला या CC पिनांवरून कळतं. एका पिनवर रीडिंग येतं, दुसरी मोकळीच असते. तो बिघाड नव्हे. चांगल्या केबलीत ५६ किलो-ओहम यायला हवेत. इथे १० आले.

फोनच्या आत CC वर ५.१ किलो-ओहमचा रेझिस्टर असतो. केबलीतला रेझिस्टर ५६ चा असेल तर CC वर साधारण ०.४ व्होल्ट येतात आणि फोन समजतो, साधं पोर्ट आहे, बेताने घ्या. १० असेल तर सुमारे १.७ व्होल्ट, म्हणजे ‘३ अँपिअर खुशाल ओढा’. केबल परस्पर शब्द देते, निभवायचा मात्र अडॅप्टरने. चांगला अडॅप्टर अशा वेळी स्वतःला बंद करतो; स्वस्तातला जळू शकतो आणि जाताना चुकीचं व्होल्टेज सोडलं तर फोनही नेतो.

५६ दाखवणारी केबल लावली. तोच अडॅप्टर आता फक्त कोमट होतो, चार्जिंग अखंड चालतं. जुनी केबल कापूनच टाकली, नाहीतर कुणीतरी ती लॅपटॉपला लावायचं.